टोभूस होऊ शकतो, ठोभूस का नाही?

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरचं नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहा. कागदावर क, ब, नू, र अशी चार सुटी अक्षरं दिसतात. तोंडातून मात्र दोनच तुकडे बाहेर पडतात : कब् आणि नूर. ‘ब’मधला ‘अ’ आपण गिळतो आणि ब् थेट न् ला जाऊन भिडतो. हे जोडाक्षर आपण लिहीत नाही, पण रोज बोलतो. कबनूरच्या माणसाला त्यात काही कठीण वाटत नाही, आणि पुण्या-नागपूरचा पाहुणाही पहिल्या खेपेला हे नाव नीट उच्चारतो.

आता तेच दोन ध्वनी शब्दाच्या तोंडाशी आणा. ‘ब्नूर’ नावाचं गाव असू शकेल का? ‘ब्नूरला जाणारी एसटी’ असं म्हणताना जीभ अडखळते, आणि बहुतेकांच्या तोंडून ‘बनूर’ किंवा ‘बिनूर’ निघतं. ध्वनी तेच, क्रमही तोच, फक्त जागा बदलली. गावाच्या नावात मधोमध चालणारी ही जोडी सुरुवातीला चालत नाही, हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही. तरी ते प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे.

योगायोग असा की भाषाविज्ञानात या विषयाची चर्चा ज्या उदाहरणावरून सुरू होते, त्यातही ब् आणि न् हीच जोडी आहे. नोम चोम्स्की आणि मॉरिस हाले यांनी १९६० च्या दशकात तीन शब्द शेजारी मांडले. ब्रिक म्हणजे वीट, हा इंग्रजीतला खरा शब्द. ब्लिक हा शब्द इंग्रजीत नाही. ब्निक हाही नाही. शब्दकोशाच्या दृष्टीने ब्लिक आणि ब्निक सारखेच गैरहजर आहेत. पण इंग्रज माणसाला विचारलं तर तो दोघांत लगेच फरक करतो. ब्लिक हा आपल्याला ठाऊक नसलेला एखादा शब्द असू शकेल, असं तो म्हणतो. ब्निकबद्दल मात्र तो म्हणतो की हा आमच्या भाषेतला असूच शकत नाही. ब्लिकची जागा योगायोगाने रिकामी राहिली आहे, तिला आकस्मिक रिकामी जागा म्हणू. ब्निकची जागा भाषेच्या नियमाने रिकामी ठेवली आहे, ती नियमबद्ध रिकामी जागा.

हा फरक ओळखायचा कसा, हा या प्रकरणाचा विषय आहे. पहिली गोष्ट म्हणजे एकट्या ब्निककडे पाहून काहीच ठरत नाही. त्याच्या आजूबाजूला पाहावं लागतं. इंग्रजीत ब्ल् ने सुरू होणारे ब्लॅक, ब्लू, ब्लॉक असे ढीगभर शब्द आहेत, म्हणजे ब्लिकच्या शेजारी भरपूर वस्ती आहे. ब्निकच्या शेजारी पाहिलं तर ब्न् तर नाहीच, पण प्न्, त्न्, द्न्, ग्न् यांनीही खास इंग्रजी शब्द सुरू होत नाही. गुडघ्याच्या इंग्रजी शब्दात क् लिहिलेला असतो, पण तो काही शतकांपूर्वीच मुका झाला. एक घर रिकामं असेल तर तो योगायोग असू शकतो. ओळच्या ओळ रिकामी असेल तर कारण शोधायला हवं.

मराठीत ही ओळ पूर्ण रिकामी नाही, हे इथेच सांगून टाकलं पाहिजे. ‘ज्ञान’ आपण ‘द्न्यान’ असं उच्चारतो. म्हणजे द् नंतर न् अशी सुरुवात आपल्याला चालते. ‘स्नान’मध्ये स् नंतर न् येतो. मग ‘ब्नूर’ का खटकावा? कारण ‘ज्ञ’ हे एकच दार आहे, आणि ते संस्कृतातून आलेल्या शब्दांसाठी उघडलेलं आहे. घरगुती, शेतातल्या, मागावरच्या शब्दांत अशी सुरुवात सापडत नाही. म्हणून मराठीतली ही जागा ‘जवळजवळ नियमबद्ध’ म्हणावी असं मला वाटतं. खऱ्या भाषांत अशा अर्धवट नियमांचं प्रमाण बरंच असतं आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही.

पूर्ण नियमबद्ध जागा पाहायची असेल तर हातकणंगले तालुक्यातली गावंच पुरे आहेत. तारदाळ, रेंदाळ, यळगूड : ळ मध्ये आहे, शेवटी आहे, पण सुरुवातीला कुठेच नाही. घुणकी, किणी : ण चंही तसंच. अख्खी मराठी चाळली तरी ळ ने किंवा ण ने सुरू होणारा घरचा शब्द मिळणार नाही. ‘लोमट’ हा शब्द कुणी सांगितला तर आपण अर्थ विचारू. ‘ळोमट’ सांगितला तर अर्थ विचारण्याआधीच नाकारू. इथून कर्नाटकाची हद्द जवळ आहे, पण कन्नडही या बाबतीत मराठीच्याच बाजूने उभी आहे. तिथेही ळ ने शब्द सुरू होत नाही. त्यामुळे सीमेपलीकडून येणारे शब्दही हा नियम मोडत नाहीत.

ण ची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. या तालुक्यात जैन वस्ती मोठी आहे, कुंभोजजवळचं बाहुबली हे तीर्थक्षेत्र इथलंच. जैन घरांत णमोकार मंत्र रोज म्हटला जातो आणि त्याची सुरुवातच ण ने होते. म्हणजे इथल्या हजारो लोकांच्या जिभेला शब्दारंभीचा ण येतो, लहानपणापासून येतो. हा मंत्र प्राकृतातला आहे. आपल्याच भूमीचं नाव मिरवणाऱ्या महाराष्ट्री प्राकृतात न चा सर्रास ण होत असे, अगदी शब्दाच्या आरंभीसुद्धा. मराठीने तो आरंभीचा ण टाकून पुन्हा न धरला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नियमबद्ध रिकामी जागा म्हणजे जिभेला न जमणारी गोष्ट नव्हे. ती एका भाषेने एका काळात पाळलेली शिस्त असते. मंत्रात ण म्हणणारा माणूस मंत्र संपला की ‘णमस्कार’ म्हणत नाही.

हे झाले डोळ्यांना सहज दिसणारे नियम. पण मराठीत याहून खोल दडलेला एक नियम आहे. तो व्याकरणाच्या शालेय पुस्तकात नसतो आणि बहुतेकांच्या कधी लक्षातही आलेला नसतो. तो समजून घ्यायला कबनूर-इचलकरंजीच्या मागांच्या वस्तीइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही, कारण इथे मराठी आणि हिंदी रोज एकाच छपराखाली बोलल्या जातात. कामगार हिंदीत ‘भूख’ म्हणतो, शेजारचा मराठीत ‘भूक’ म्हणतो. एक ‘हाथ’ म्हणतो, दुसरा ‘हात’. विजेच्या डीपीवर मराठीत ‘धोका’ लिहिलेला असतो, हिंदी माणसाच्या तोंडी तोच शब्द ‘धोखा’ असतो, फसवणुकीच्या अर्थाने.

या जोड्या पुढे वाढवत जा. हिंदीत भीख, मराठीत भीक. भिखारी, भिकारी. हाथी, हत्ती. घुँघरू, घुंगरू. घूँघट, घुंगट. झाँझ, झांज. ढीठ, धीट. ठाठ, थाट. ठट्ठा, थट्टा. खंभा, खांब. हठ, हट्ट. मराठीत ऐकू येणारा एक फरक प्रत्येक जोडीत समान आहे : दोन महाप्राणांपैकी दुसऱ्यातला जोराचा श्वास गेला आहे.

महाप्राण म्हणजे ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ हे वर्ण, ज्यांच्याबरोबर श्वासाचा झोत बाहेर पडतो. ह हा तर निव्वळ श्वासच. वरच्या हिंदी शब्दांत असे दोन-दोन वर्ण आहेत. मराठीत एकच उरला आहे, आणि उरला आहे तो पहिला.

इथे घाईने निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. कुणी म्हणेल, मराठीला शब्दाच्या शेवटचा महाप्राणच सोसत नसेल. ही शंका रास्त आहे आणि तिची परीक्षा घेता येते. पहिला वर्ण महाप्राण नसलेले शब्द घ्यायचे आणि दुसऱ्याचं काय झालं ते पाहायचं. दूध, वाघ, आठ, ओठ, पाठ, मीठ, काख, राख, लाख, जीभ. इथे महाप्राण शेवटी आहे आणि सुखरूप आहे. संस्कृतातल्या ‘अष्ट’चा प्राकृतात ‘अट्ठ’ झाला आणि मराठीत ‘आठ’. ‘धृष्ट’चा प्राकृतात ‘धिट्ठ’ झाला, आणि मराठीत ‘धीठ’ व्हायच्या ऐवजी ‘धीट’ झाला. दोन्हींत ‘ष्ट’च होता. फरक इतकाच की एकाच्या आरंभी अ होता आणि दुसऱ्याच्या आरंभी ध. तसंच ‘कक्षा’पासून काख, ‘लाक्षा’पासून लाख, पण ‘भिक्षा’पासून भीक. ‘स्कंध’चा प्राकृतात ‘खंध’ झाला, मराठीत ‘खांदा’. आणि ‘गोंधळ’मधला ध टिकला, कारण त्याच्या आधी ग आहे, घ नाही.

काही शब्द या मांडणीत बसत नाहीत. हिंदीत सीखना, मराठीत शिकणे. हिंदीत समझना, मराठीत समजणे. साँझ आणि सांज. इथे पहिला वर्ण महाप्राण नसूनही दुसऱ्याचा श्वास गेला. म्हणजे श्वास गळण्याची सगळी प्रकरणं या एका नियमाच्या खाती मांडता येणार नाहीत. भाषेच्या इतिहासात एकाच परिणामामागे दोन-तीन कारणं असणं नेहमीचंच. पण आपला प्रश्न ‘श्वास कुठे कुठे गेला’ हा नाही. प्रश्न असा आहे की दोन वेगवेगळे महाप्राण एकाच अखंड मराठी शब्दात राहू शकतात का? त्याचं उत्तर वरच्या जोड्या जवळजवळ एकमुखाने देतात.

‘वेगवेगळे’ आणि ‘अखंड’ हे दोन शब्द मी मुद्दाम घातले आहेत. फोफावणे, फुफाटा, झंझावात यांत दोन महाप्राण आहेत, पण तोच वर्ण पुन्हा आला आहे. नाद किंवा जोर दाखवणाऱ्या अशा पुनरुक्तीला भाषा सूट देते. आणि ‘घरभर’, ‘फुलझाड’ यांत दोन महाप्राण आहेत ते दोन वेगळ्या शब्दांतून आलेले. आपल्याला आत सांधा जाणवतो, म्हणून खटकत नाही. नियम मोडणारा शब्द सापडला की आधी हे दोन प्रश्न विचारावेत : वर्ण तोच आहे का, आणि मध्ये सांधा आहे का?

हा नियम मराठीने शून्यातून काढलेला नाही, आणि मला तो आवडतो तो त्याच्या वयामुळे. संस्कृतात धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं तेव्हा पहिला महाप्राण अल्पप्राण होतो. ‘धा’पासून ‘दधाति’ होतं, ‘धधाति’ नाही. ‘भी’पासून ‘बिभेति’. पाणिनीने हे सूत्रबद्ध केलं आहे. १८६३ मध्ये हेर्मान ग्रासमन या जर्मन विद्वानाने, जो मुळात गणितज्ञ होता, संस्कृत आणि ग्रीक दोन्हींत अशी महाप्राण टाळण्याची रीत आहे हे दाखवलं. आजही हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. पुढे प्राकृतात ‘क्ष’चा ‘क्ख’ आणि ‘स्त’चा ‘त्थ’ झाल्यावर नवे महाप्राण तयार झाले आणि दोन-दोन महाप्राणांचे शब्द पुन्हा अवतरले. हिंदीने ते ठेवले. मराठीने पुन्हा झाडून काढले.

‘भूक’ या एका शब्दात हे सगळं साठलेलं आहे. त्याचं मूळ ‘बुभुक्षा’, म्हणजे खाण्याची इच्छा. ‘भुज्’ धातूचं अक्षर दुप्पट झालं तेव्हा ‘भुभु’ टाळून ‘बुभु’ केलं गेलं. प्राकृतात त्याचं ‘भुक्खा’ झालं, दोन महाप्राण समोरासमोर आले. मराठीने दुसऱ्याचा श्वास काढला. एकाच शब्दावर हजारो वर्षांच्या अंतराने तीच कारवाई दोनदा झाली, पहिल्यांदा पहिल्या वर्णावर आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या शब्दांत दोन महाप्राण नाहीत, हे शब्दांच्या इतिहासाने झालं. पण हा नियम आजच्या मराठी माणसाच्या डोक्यात जिवंत आहे का? की तो फक्त पूर्वी घडलेल्या गोष्टीचा मागे राहिलेला ठसा आहे? हे तपासायला खरे शब्द उपयोगाचे नाहीत, कारण ते आपण पाठ केलेले असतात. म्हणून बनावट शब्द लागतात.

बनावट शब्दांवर माणसांचा कौल घेण्याची पद्धत रॉबर्ट स्कोल्स याने १९६६ मध्ये वापरली. त्याने सातवीतल्या ३३ मुलांना एकेक बनावट शब्द ऐकवला आणि विचारलं, हा इंग्रजी शब्द म्हणून चालेल का? काही शब्दांना जवळजवळ सर्वांनी हो म्हटलं, काहींना जवळजवळ कुणीच नाही. पण खूपसे शब्द अधेमधे पडले. होकारांची संख्या पायरी-पायरीने उतरत गेली. शक्य आणि अशक्य यांच्यात एकच रेघ नाही, उतार आहे, हे तेव्हापासून नाकारता आलेलं नाही.

मराठीसाठी शब्द कसे बनवावेत? जोडीने बनवावेत, आणि जोडीतले दोन्ही शब्द शब्दकोशात नसावेत. ‘टोभूस’ आणि ‘ठोभूस’ ही एक जोडी. ‘जिंधळ’ आणि ‘झिंधळ’ ही दुसरी. ‘दाखूड’ आणि ‘धाखूड’ ही तिसरी. प्रत्येक जोडीत बदल एकच : पहिला वर्ण एकदा अल्पप्राण, एकदा महाप्राण. बाकी स्वर, लांबी, शेवट सगळं सारखं. त्यामुळे ‘ठोभूस’ला ‘टोभूस’पेक्षा कमी होकार मिळाले तर त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागत नाही. एका बाजूचा शब्द एकटा विचारला तर मात्र काही कळणार नाही. लोक त्याला वाईट म्हणतील, पण कशामुळे, ते गुलदस्त्यात राहील.

विचारण्याची रीतही महत्त्वाची आहे. ‘हा शब्द आहे का?’ असं विचारलं की माणूस शब्दकोश बनतो आणि दोन्हींना नाही म्हणतो. त्याऐवजी विचारावं, ‘एखाद्या गावात मागाच्या एखाद्या लहान भागाला टोभूस म्हणत असतील का? ठोभूस म्हणत असतील का?’ धोटा, कांडी असे कामातले खास शब्द असतात हे सर्वांना माहीत असतं, आणि ते सगळे शब्द आपल्याला येत नाहीत हेही माहीत असतं. म्हणून अनोळखी शब्दाला जागा मिळते आणि कौल फक्त त्याच्या घडणीवर दिला जातो. शब्द वाचायला देऊ नये, ऐकवावा. ‘कबनूर’ आणि ‘कब्नूर’ यांतला फरक कागदावर मोठा दिसतो, कानाला शून्य असतो. कागदावरचं जोडाक्षर माणसाला घाबरवतं आणि कौल लिपीवर पडतो.

कौलापेक्षाही जास्त बोलकी एक गोष्ट आहे. शब्द ऐकवून तो परत म्हणायला सांगावा आणि काय परत येतं ते ऐकावं. ‘ब्नूर’चं ‘बनूर’ होतं हे आपण पाहिलं. आयरिस बेरेंट आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इंग्रजी भाषकांवर याच जातीचे, पण ऐकण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘ब्निफ’सारखा शब्द, ‘ब्दिफ’सारखा आणि ‘ल्बिफ’सारखा. तिन्ही इंग्रजीत अशक्य. तरी ‘ल्बिफ’ ऐकताना लोकांना मध्ये नसलेला स्वर सर्वांत जास्त वेळा ऐकू आला, ‘ब्निफ’मध्ये सर्वांत कमी. जो शब्द जितका अशक्य, तितका कान तो दुरुस्त करून घेतो. मराठीत ‘ठोभूस’ म्हणायला सांगितलं आणि ‘ठोबूस’ परत आला, तर समजावं की ‘धोका’ घडवणारी यंत्रणा आजही चालू आहे. ‘टोभूस’चा ‘टोबूस’ तितक्याच वेळा होत असेल, तर मात्र ती यंत्रणा नव्हे. ते केवळ आपल्या घाईच्या बोलण्यात मधल्या महाप्राणांचं पातळ होणं आहे. ‘दूध’चं ‘दूद’ करणारे लोक काही कमी नाहीत. म्हणूनच बनावट शब्दात दुसरा महाप्राण अगदी शेवटी ठेवू नये. त्याच्यापुढे स्वर असावा, म्हणजे तो स्पष्ट ऐकू येतो.

सगळ्यांत मोठा घात शेजारी शब्द करतात. समजा आपण ‘पेघडा’ आणि ‘फेघडा’ ही जोडी घेतली. ‘फेघडा’ ऐकून लोक ‘फेगडा’ म्हणतील आणि आपल्याला वाटेल, नियम सिद्ध झाला. पण मराठीत ‘फेंगडा’ हा खरा शब्द आहे, वाकड्या पायांच्या माणसासाठी. तो इतका जवळ आहे की माणूस नियमाने नव्हे तर ओळखीने तिकडे ओढला गेला असेल. उलट्या दिशेनेही हेच होतं. ‘जिंधळ’ला भरपूर होकार मिळतील, पण त्यात ‘जोंधळा’चा हात असेल. शक्यतेचा कौल देताना माणूस दोन गोष्टी एकत्र मोजत असतो : ध्वनींची जुळणी नियमात बसते का, आणि हा शब्द ओळखीच्या किती शब्दांसारखा आहे. या दोन्ही वेगळ्या करायच्या तर शेजार नसलेले शब्द शोधावे लागतात, आणि ते काम बनावट शब्द सुचण्यापेक्षा कितीतरी किचकट आहे. मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ उघडून एकेक वर्ण बदलत पाहावं लागतं. आणि तरीही एखादा शब्द पन्हाळ्याकडच्या किंवा शिरोळकडच्या बोलीत जिवंत निघू शकतो, म्हणून शेवटी त्या भागातल्या चार म्हाताऱ्या माणसांना विचारणं भाग असतं.

कोशावरून थेट हिशेबही करता येतो, आणि आकस्मिक व नियमबद्ध यांतला फरक त्यात सर्वांत स्वच्छ दिसतो. हिशेब समजावा म्हणून आकडे धरून चालू. समजा आपण २,००० साधे, अखंड शब्द घेतले. त्यांपैकी चौथा हिस्सा महाप्राणाने सुरू होतो. आणि दुसऱ्या जागी पाचव्या हिश्श्यात महाप्राण आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नसेल, तर दोन्ही जागी महाप्राण असलेले शब्द किती असावेत? २,००० चा चौथा हिस्सा ५००, त्याचा पाचवा हिस्सा १००. शंभर अपेक्षित असताना कोशात चार-पाचच सापडले, तर ते योगायोगाने झालं असं कुणी म्हणणार नाही.

आता त्याच हिशेबात एकच जोडी घ्या : पहिला घ आणि दुसरा ध. समजा घ ने ५० पैकी एक शब्द सुरू होतो आणि ध दुसऱ्या जागी ५० पैकी एका शब्दात येतो. अपेक्षित संख्या २,००० भागिले २,५००, म्हणजे एकाहूनही कमी. असा एकही शब्द सापडला नाही तर त्यात आश्चर्य काहीच नाही. ‘घ-ध’ची जागा एकटी पाहिली तर ती आकस्मिक की नियमबद्ध, हे कधीच ठरणार नाही. ती भ-ख, ध-ख, ख-ध अशा शेजारच्या रिकाम्या जागांच्या रांगेत ठेवली की ठरतं. रिकामी जागा नियमबद्ध आहे की नाही, हा त्या जागेचा गुण नाहीच. तो ती ज्या वर्गात मोडते त्या वर्गाचा गुण आहे. आणि वर्ग कोणता, हे आधी सुचावं लागतं. ‘महाप्राण’ ही कल्पना ज्याच्याकडे नाही, त्याला भूक, धोका, खांदा, घुंगरू हे चार सुटे शब्दच दिसतील.

तालुक्यातली गावंही या नजरेने पाहता येतात. घुणकी, खोची, भेंडवडे, भादोले : आरंभी महाप्राण, पुढे एकही नाही. कुंभोज, वाठार : महाप्राण आत आहे, आरंभ अल्पप्राण. एवढ्या नावांनी काही सिद्ध होत नाही, संख्या फारच थोडी आहे. पण नकाशात ‘भाठोले’ किंवा ‘घुंभोज’ असं नाव कुणी घुसडलं तर त्याच्याकडे आपण आधी पाहू, हे नक्की. उलट ‘तारोची’ किंवा ‘कोरदाळ’ अशी नावं, तारदाळ आणि कोरोची यांचे तुकडे बदलून केलेली, बाहेरच्या माणसाच्या नजरेतून निसटून जातील. त्या जागा आकस्मिकपणे रिकाम्या आहेत. उद्या एखाद्या वाडीला हे नाव पडलं तर मराठी काहीही तक्रार करणार नाही.

आता मागांच्या वस्तीतल्या हिंदीचा प्रश्न उरतो. इथल्या मराठी मुलांच्या कानावर भूख, हाथ, धोखा हे शब्द रोज पडतात, सिनेमातून तर गावोगावी पडतात. त्यामुळे दोन महाप्राणांचा शब्द त्यांना ‘अशक्य’ वाटणार नाही, ‘हिंदी’ वाटेल. ‘ठोभूस’ला कुणी ‘हा मराठी नाही, हिंदी असेल’ म्हणालं, तर ते उत्तर टाकून देऊ नये. त्यात नियमाची जाणीव पूर्ण आहे, फक्त तिची हद्द माणसाने भाषेभोवती आखली आहे. ‘ज्ञान’मधला द्न् जसा संस्कृत शब्दांपुरता, णमोकारातला ण जसा मंत्रापुरता, तसे दोन महाप्राण हिंदीपुरते.

ही हद्द फुटते आहे का, हे पाहायचं असेल तर मराठी माणूस बोलताना मध्येच ‘भूख’ म्हणतो का, एवढं पाहून चालणार नाही. तो हिंदी शब्द वापरतो आहे, इतकंच त्यातून कळतं. त्या शब्दाला मराठी प्रत्यय लागतात का, ते पाहावं. ‘भुकेला’, ‘भुकेनं’, ‘धोक्याचं’, ‘हातात’ म्हणणाऱ्या मुलाच्या तोंडी ‘भुखेनं’, ‘धोख्याचं’, ‘हाथात’ ऐकू येऊ लागलं, आणि त्याला ते हिंदी वाटेनासं झालं, तर मराठीतली ही रिकामी जागा भरू लागली असं म्हणता येईल. हातात आकडे हवे असतील तर याच जोड्या वेगवेगळ्या वयाच्या माणसांकडून बोलवून घ्याव्यात, आजी, आई आणि शाळकरी नात अशा तिघींकडून, आणि सोबत ‘ठोभूस’ परत म्हणायला सांगावा. आजी ‘ठोबूस’ म्हणेल आणि नात ‘ठोभूस’ तसाच परत देईल, तर नियम कोणत्या पिढीपाशी सैल झाला ते त्या एका घरातच कळेल.